अंतर-काल आलेखाचा चढ कसा वाचावा: थांबलेली, एकसमान आणि त्वरणित गती

कोल्हापूरहून सायकलने जोतिबाच्या डोंगरावर निघालेल्या माणसाला घाट लागला की त्याची चाल मंदावते, आणि परतताना तोच घाट उतरू लागला की पायडल न मारताही सायकल वेग घेते. या प्रवासाचा अंतर-काल आलेख काढला, तर डोळ्यांना नेमके उलटे दिसते. घाट चढतानाची रेषा आडवी पडत जाते आणि घाट उतरतानाची रेषा उभी होत जाते. नववीच्या मुलांसमोर असा आलेख फळ्यावर काढून ‘सायकलवाला कुठे दमला असेल?’ असे विचारले की बहुतेक बोटे रेषेच्या सर्वांत उभ्या भागाकडे जातात, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. दोष मुलांचा नाही, काही प्रमाणात तो आपल्या शब्दाचा आहे. रस्त्याच्या चढालाही आपण चढ म्हणतो आणि रेषेच्या तिरपेपणालाही चढच म्हणतो. पहिल्या चढाने माणूस हळू होतो, तर दुसरा चढ जितका जास्त तितका माणूस जलद असतो.

तेव्हा आलेखातील रेषा म्हणजे रस्त्याचे चित्र नव्हे, ही गोष्ट आधी पक्की करावी. आडव्या अक्षावर काळ असतो, उभ्या अक्षावर कापलेले अंतर असते, आणि रस्ता चढणीचा होता की सपाट, सरळ होता की वळणाचा, याची नोंद या कागदावर कुठेच नसते. उभ्या अक्षावरील अंतर हे स्कूटरच्या मीटरवरील आकड्यासारखे समजावे. गाडी चालली की तो वाढतो, थांबली की तितकाच राहतो, मागे मात्र कधीच जात नाही. म्हणून खऱ्या अंतर-काल आलेखात रेषा खाली येऊ शकत नाही. पुस्तकात किंवा प्रश्नपत्रिकेत ती खाली येताना दिसली, तर तेथे उभ्या अक्षावर ‘घरापासूनचे अंतर’ किंवा विस्थापन घेतलेले असते. त्यामुळे रेषेकडे पाहण्याआधी अक्षाचे नाव वाचण्याची सवय लावावी.

मोजणी आणि नोंद

आलेख वाचायला शिकण्याचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे एकदा तो स्वतःच्या मोजणीवरून काढणे. त्यासाठी सुमारे १०० मीटरचा सरळ, सपाट आणि सकाळी रहदारी नसलेला रस्ता पुरतो. शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात किंवा एखाद्या शाळेच्या मैदानाच्या कडेला तो सहज सापडेल. मोजपट्टीने दर ५ मीटरवर खडूची ठळक रेघ ओढावी आणि तिच्याशेजारी अंतराचा आकडा लिहावा. एकाने सायकल चालवावी आणि दुसऱ्याने सायकलीच्या बाजूने, तिच्याबरोबर पुढे सरकत, मोबाइलवर चित्रफीत घ्यावी. नंतर ती चित्रफीत दर २ सेकंदांनी थांबवून पुढच्या चाकाचा मध्य कोणत्या रेघेच्या जवळ आहे ते वाचावे, आणि दोन रेघांच्या मधले अंतर अंदाजाने घ्यावे. एका जागी उभे राहून तिरकस कोनातून चित्रण केले, तर दूरच्या रेघांवरचे वाचन पुढे-मागे सरकते. म्हणून सायकलीच्या अगदी बाजूला, तिच्या बरोबरीने राहण्याचा आग्रह धरावा.

खालील तक्ता अशाच एका फेरीचा आहे. रीत स्पष्ट दिसावी म्हणून त्यातील आकडे मी नीटनेटके ठेवले आहेत, प्रत्यक्ष मोजणीत ते इतके गुळगुळीत येणार नाहीत. सायकल शून्याच्या रेघेवर नव्हे, तर १० मीटरच्या रेघेवर उभी होती, हे मुद्दाम लक्षात ठेवावे. शून्यापासून तेथवरचे अंतर आधीच कापलेले आहे, असे धरले आहे.

| काळ (सेकंद) | अंतर (मीटर) | आधीच्या २ सेकंदांत कापलेले अंतर (मीटर) |
|---|---|---|
| ० | १० | – |
| २ | १० | ० |
| ४ | १० | ० |
| ६ | ११ | १ |
| ८ | १४ | ३ |
| १० | १९ | ५ |
| १२ | २६ | ७ |
| १४ | ३५ | ९ |
| १६ | ४५ | १० |
| १८ | ५५ | १० |
| २० | ६५ | १० |
| २२ | ७५ | १० |
| २४ | ८५ | १० |
| २६ | ९२.५ | ७.५ |
| २८ | ९५ | २.५ |
| ३० | ९५ | ० |
| ३२ | ९५ | ० |

तिसरा स्तंभ मोजलेला नसून वजाबाकीने काढलेला आहे, आणि आलेख वाचण्याचे सगळे मर्म त्यातच आहे. आलेख म्हणजे एक जिना आहे असे समजावे. प्रत्येक पायरीची रुंदी सारखीच, म्हणजे २ सेकंद आहे आणि पायरीची उंची मात्र बदलते. उंची शून्य असेल तर सायकल थांबलेली आहे, उंची सारखी राहिली तर चाल एकसमान आहे, आणि उंची पायरीगणिक बदलत गेली तर चाल बदलते आहे. कोणताही अंतर-काल आलेख समोर आला की त्यावर सारख्या रुंदीचे उभे पट्टे मनातल्या मनात आखावेत आणि रेषा प्रत्येक पट्ट्यात किती वर चढते एवढेच पाहावे. रेषा कागदावर किती उंच पोहोचली आहे, याकडे लक्ष देण्याचे कारण नाही.

कागदावर उतरवताना

आलेख कागदावर आडव्या अक्षावर १ सेंटिमीटर = २ सेकंद आणि उभ्या अक्षावर १ सेंटिमीटर = १० मीटर असे प्रमाण घ्यावे. आकृती १६ सेंटिमीटर रुंद आणि साडेनऊ सेंटिमीटर उंच होते, म्हणजे नेहमीच्या कागदात ती व्यवस्थित बसते. उभ्या अक्षावरचा लहान चौकोन १ मीटरचा आणि आडव्या अक्षावरचा ०.२ सेकंदाचा ठरतो.

बिंदू मांडून झाल्यावर ते पट्टीने एकमेकांना जोडण्याचा मोह होतो आणि येथेच पहिली मोठी चूक घडते. पट्टीने जोडले की ६, ८, १० सेकंदांवर कोपरे तयार होतात. कोपऱ्याचा अर्थ असा होतो की त्या क्षणी सायकलीची चाल एकदम, काहीही वेळ न घेता, बदलली. खरी सायकल असे करू शकत नाही. म्हणून ४ ते १४ सेकंदांचा आणि २४ ते २८ सेकंदांचा भाग हाताने, सलग वक्र काढून जोडावा, आणि तो वक्र सरळ भागाला मिळतो तेथेही कोपरा राहू देऊ नये. पुस्तकातल्या आलेखांत टोकदार कोपरे दिसतात ते सोयीसाठी केलेले सुलभीकरण असते.

आडवी रेषा

० ते ४ सेकंदांत रेषा काळाच्या अक्षाला समांतर आहे. वेळ पुढे जातो आहे, अंतर वाढत नाही, म्हणून सायकल थांबलेली आहे. २८ ते ३२ सेकंदांतही तसेच आहे. या दोन आडव्या तुकड्यांची तुलना करण्याजोगी आहे, कारण पहिला तुकडा १० मीटरच्या उंचीवर आहे आणि दुसरा ९५ मीटरच्या. उंचीत एवढा फरक असूनही दोन्ही ठिकाणी चाल शून्यच आहे. ‘आलेख सर्वांत उंच असतो तेथे गाडी सर्वांत जलद’ असे कोणी म्हणाले, तर त्याला ३० व्या सेकंदाचा बिंदू दाखवावा. थांबलेली स्थिती म्हणजे अंतर शून्य असणे नव्हे, अंतरातील वाढ शून्य असणे होय.

सरळ तिरकी रेषा

१४ ते २४ सेकंदांत प्रत्येक पायरी १० मीटरची आहे आणि बिंदू एका सरळ रेषेत येतात. ही एकसमान चाल. तिचा आकडा काढण्यासाठी रेषेवरचे दोन बिंदू घ्यावेत, शक्यतो एकमेकांपासून दूरचे, कारण जवळचे बिंदू घेतले की वाचनातील लहान चूकही उत्तरात मोठी होते. १४ सेकंदांना ३५ मीटर आणि २४ सेकंदांना ८५ मीटर हे बिंदू घेतले, तर अंतरातील वाढ ५० मीटर, काळातील वाढ १० सेकंद, आणि चढ ५० ÷ १० = ५ मीटर प्रतिसेकंद. याला ३.६ ने गुणले की ताशी १८ किलोमीटर मिळतात, म्हणजे सायकलीसाठी पटण्यासारखा आकडा. उत्तर असे ओळखीच्या एककात बदलून पाहिले की दशांशचिन्हाची चूक लगेच उघडी पडते.

या जागी दोन चुका इतक्या वेळा पाहिल्या आहेत की त्यांच्यासाठी थोडे थांबावे लागेल. पहिली चूक अशी की २० व्या सेकंदाची चाल विचारली, की विद्यार्थी त्या बिंदूचे ६५ मीटर घेतो, त्यांना २० ने भागतो आणि ३.२५ मीटर प्रतिसेकंद असे उत्तर लिहितो. हे उत्तर चालीचे नाही. त्यात सुरुवातीचे १० मीटर शिरले आहेत, जे या फेरीत कापलेच नव्हते, आणि त्याच्यात उभे राहण्याचे ४ सेकंदही मिसळले आहेत. भागाकार नेहमी दोन बिंदूंमधील फरकांचा करावा, एका बिंदूच्या निर्देशकांचा करू नये.

दुसरी चूक हुशार विद्यार्थी करतात, म्हणून ती अधिक रंजक आहे. आपल्या प्रमाणात २ सेकंदांसाठी १ सेंटिमीटर आडवे आणि १० मीटरसाठी १ सेंटिमीटर उभे आहे, त्यामुळे ही सरळ रेषा कागदावर बरोबर ४५ अंशांत दिसते. त्रिकोणमिती शिकलेला विद्यार्थी कंपासपेटीतून कोनमापक काढतो, कोन ४५ अंश मोजतो, टॅन ४५° = १ असे आठवतो आणि चाल १ मीटर प्रतिसेकंद असल्याचे जाहीर करतो. गणित बरोबर आहे, पण त्याने कागदावरचे सेंटिमीटर मोजले, मीटर आणि सेकंद मोजले नाहीत. उभ्या अक्षावर १ सेंटिमीटर = २० मीटर घेतले असते, तर हीच रेषा अधिक आडवी दिसली असती आणि सायकलीची चाल मात्र बदलली नसती. तेव्हा दोन वेगळ्या कागदांवरच्या रेषांचा तिरपेपणा नुसत्या नजरेने कधीच ताडू नये. एकाच अक्षांवर काढलेल्या रेषांची तुलना मात्र नजरेनेही करता येते, आणि तेथे अधिक उभी रेषा म्हणजे अधिक चाल असेच समजावे.

वाकलेली रेषा

४ ते १४ सेकंदांचा भाग वर वाकत जातो. त्यातील पायऱ्यांची उंची १, ३, ५, ७, ९ मीटर आहे. पायरी मोठी होत आहे, म्हणजे चाल वाढते आहे, म्हणजे सायकलीला त्वरण आहे. एवढे तर नजरेलाही दिसते. पण ते त्वरण एकसमान आहे का, हे वक्राकडे नुसते पाहून सांगता येत नाही, कारण वर वाकणारे वक्र अनेक प्रकारचे असतात. त्यासाठी पायऱ्यांमधील वाढ तपासावी लागते. येथे प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा बरोबर २ मीटरने मोठी आहे, म्हणून त्वरण एकसमान आहे. स्थिर अवस्थेतून एकसमान त्वरणाने निघालेल्या वस्तूने सारख्या कालखंडांत कापलेली अंतरे १ : ३ : ५ : ७ अशा विषम संख्यांच्या प्रमाणात असतात, हा नियम गॅलिलिओने सतराव्या शतकात मांडला. त्याच्याजवळ सेकंद मोजणारे घड्याळ नव्हते. उतरत्या फळीवरून गोळा सोडून आणि भांड्यातून वाहिलेल्या पाण्याचे वजन करून तो वेळ मोजत असे.

त्वरणाचा आकडा काढताना आधी प्रत्येक पायरीची सरासरी चाल काढावी. १, ३, ५, ७, ९ या उंचींना २ ने भागले की ०.५, १.५, २.५, ३.५ आणि ४.५ मीटर प्रतिसेकंद मिळतात. ही सरासरी चाल पायरीच्या मधल्या क्षणाला, म्हणजे अनुक्रमे ५, ७, ९, ११ आणि १३ व्या सेकंदाला लागू होते. पायरीच्या सुरुवातीला किंवा शेवटी ती लावली, तर सगळा हिशेब १ सेकंदाने सरकतो. दर २ सेकंदांनी चाल १ मीटर प्रतिसेकंदाने वाढते आहे, म्हणून त्वरण ०.५ मीटर प्रतिसेकंद वर्ग. पडताळाही हाताशी आहे. ४ ते १४ असे १० सेकंद हे त्वरण टिकले, तर चाल ५ मीटर प्रतिसेकंद व्हायला हवी, आणि पुढच्या सरळ भागाचा चढ तितकाच आला होता.

वक्रावरील एखाद्या नेमक्या क्षणाची चाल हवी असेल, तर त्या बिंदूपाशी स्पर्शिका काढावी लागते. १० व्या सेकंदाचा बिंदू घ्या. पट्टी त्या बिंदूवर ठेवून अशी फिरवावी की बिंदूच्या दोन्ही बाजूंना वक्र आणि पट्टी यांमधील फट सारखी दिसेल, आणि मग रेषा लांब ओढावी. नीट काढलेली स्पर्शिका ७ व्या सेकंदाला १० मीटरची पातळी छेदते आणि १४ व्या सेकंदाला ३१ मीटरवर पोहोचते. चढ २१ ÷ ७, म्हणजे ३ मीटर प्रतिसेकंद. ती बरोबर आली की नाही हे पाहण्याची एक खूण येथे मिळते. स्थिर अवस्थेतून सुरू झालेल्या एकसमान त्वरणाच्या वक्राची स्पर्शिका सुरुवातीच्या पातळीला नेहमी मध्यावर छेदते. सुरुवात ४ ला, बिंदू १० ला, म्हणून छेद ७ ला. हाताने काढलेली स्पर्शिका साडेसहाला किंवा साडेसातला छेदत असेल, तर पट्टी पुन्हा फिरवावी. स्पर्शिका काढण्याचा कंटाळा असेल, तर ८ आणि १२ सेकंदांवरचे बिंदू जोडले तरी (२६ − १४) ÷ ४ = ३ हेच उत्तर येते. मात्र ही सोय त्वरण एकसमान असतानाच, आणि बिंदू बरोबर मधोमध असतानाच, अचूक ठरते.

२४ ते २८ सेकंदांत ब्रेक लागला आहे. पायऱ्या १० वरून ७.५ आणि मग २.५ अशा लहान होतात आणि वक्र आडवा होत जाऊन शेवटच्या आडव्या रेषेत मिसळतो. येथे घोटाळा असा होतो की रेषा अजून वरच चढत असल्यामुळे काहींना चाल वाढते आहे असे वाटते. रेषा वर जाते याचा अर्थ केवळ सायकल चालते आहे, एवढाच असतो. चाल वाढते की घटते हे तिच्या वाकण्याच्या दिशेवरून कळते. वक्र वाटीसारखा, तोंड वर करून वाकला असेल तर चाल वाढते आहे, आणि पालथ्या वाटीसारखा वाकला असेल तर ती कमी होते आहे. ५ मीटर प्रतिसेकंदावरून ४ सेकंदांत शून्यावर आल्यामुळे येथील त्वरण −१.२५ मीटर प्रतिसेकंद वर्ग आहे. ७.५ आणि २.५ यांचे प्रमाण ३ : १ आहे, म्हणजे विषम संख्यांचा तोच क्रम उलटा आला आहे.

मोजणीतील चूक की खरे त्वरण?

तुमच्या स्वतःच्या तक्त्यात पायऱ्या इतक्या सरळ येणार नाहीत. चित्रफितीऐवजी हातातल्या स्टॉपवॉचने मोजले, तर बटण दाबताना ०.२ सेकंदाचा फरक सहज पडतो, आणि ५ मीटर प्रतिसेकंद चालीला तो १ मीटरएवढा होतो. समजा १८ व्या सेकंदाला ५५ ऐवजी ५७ मीटर नोंदले गेले. मग पायऱ्या १०, १२, ८, १० अशा दिसतील. सायकल एकदम जलद झाली आणि लगेच तितकीच हळू झाली, असा त्याचा अर्थ लावू नये. एक बिंदू चुकला की त्याच्या आधीची पायरी जितकी मोठी होते तितकीच पुढची लहान होते, आणि ही जोडीने येणारी वाढ-घट चुकलेल्या वाचनाची हमखास खूण आहे. खरे त्वरण असेल तर तीन-चार पायऱ्या सलग एकाच दिशेने बदलतात. त्यामुळे एकसमान भागात सरळ रेषा बिंदूबिंदूंतून वळवत नेऊ नये. काही बिंदू वर आणि काही खाली राहतील अशी, सर्वांच्या मधून पट्टीने ओढावी. शंकास्पद बिंदू खोडू नये, त्याभोवती वर्तुळ करून चित्रफीत पुन्हा पाहावी.

बदल नेमका कधी सुरू झाला, हे सांगतानाही जपून असावे. आपल्या नोंदी २ सेकंदांच्या अंतराने आहेत, त्यामुळे ब्रेक २४ व्या सेकंदाला लागला की २४.३ ला, हे या तक्त्यावरून ठरवता येत नाही. ते हवे असेल तर तेवढ्या भागाची नोंद दर अर्ध्या सेकंदाने करावी.

एक मर्यादा मात्र नोंदी कितीही दाट केल्या तरी राहते. त्वरण म्हणजे वेगातील बदल, आणि वेगाला दिशा असते. रंकाळ्याच्या काठाने कोणी ५ मीटर प्रतिसेकंद या स्थिर चालीने पूर्ण फेरी मारून निघाल्या जागी परतला, तर त्याचा अंतर-काल आलेख सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक सरळ तिरकी रेषा असेल. तलावाच्या प्रत्येक वळणावर त्याची दिशा बदलत होती, म्हणून तेथे त्वरण होते, पण स्कूटरच्या मीटरला जसे वळण कळत नाही तसे ते या रेषेलाही कळत नाही. या आलेखाच्या चढावरून मिळते ती चाल, आणि त्याच्या वाकण्यावरून कळतो तो फक्त चालीतील बदल. वळणावरचे त्वरण शोधायचे असेल, तर रस्त्याचा नकाशा शेजारी घ्यावा लागतो.